पुस्तक स्वतः छापताना एक प्रत कितीला पडते? अमळनेरच्या एका पुस्तकाचा पूर्ण हिशेब

"भाऊ, हजारच छापी टाकूत, सस्तं पडी." नानांचं हे पहिलं वाक्य होतं. नाना आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. अमळनेर तालुक्यातल्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं काढली, त्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथले पुस्तकांचे गाळे फिरून आल्यापासून त्यांनी पुस्तकाचं मनावर घेतलं. जळगावच्या एका प्रेसवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की शंभर प्रती काढल्या तर एक प्रत ८० ला पडेल आणि हजार काढल्या तर ४२ ला.

दोन्ही आकडे खरे होते, पण ते फक्त छपाईचे होते. पुस्तक स्वतः काढणारा नवा माणूस नेमका इथेच चुकतो, आणि माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मीही चुकलो होतो. म्हणून नानांच्या पुस्तकाचा हिशेब कसा मांडला ते पहिल्यापासून सांगतो. यातले दर या हिशेबापुरते, करासह धरलेले आहेत. तुमच्या मुद्रकाचे दर वेगळे असतील, तेव्हा रीत हीच ठेवून आकडे तुमचे घाला.

आधी पुस्तकाचं माप पक्कं करा

माप ठरल्याशिवाय कुणाकडेही दर विचारायला जाऊ नका. नानांचं पुस्तक डेमी आकाराचं ठरलं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. मराठी कथा-कादंबऱ्या बहुतेक याच आकारात असतात. आतला कागद ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा साधा पुस्तकी कागद, छपाई एका रंगात. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्डवर चार रंगांत, वर मॅट लॅमिनेशन. बांधणी परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गरम ग्लू लावून केलेली.

पानांचं गणित फॉर्मात होतं. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला एक जुडगा. नानांच्या मजकुराची पहिली मांडणी १३१ पानांची झाली. म्हणजे ८ फॉर्म आणि वर ३ पानं. ऑफसेट छपाईत पानं आधी धातूच्या प्लेटांवर उतरवून मग छापतात, तेव्हा त्या ३ पानांसाठी आणखी प्लेटा, आणखी कागद आणि बाइंडरचं आणखी एक घडीकाम लागलं असतं. दोन प्रकरणांच्या शेवटी दोन-चार ओळीच नव्या पानावर सांडत होत्या. त्या आवरल्या, एक कोरं पान काढलं आणि पुस्तक १२८ पानांत, बरोबर ८ फॉर्मांत बसलं. हे काम मजकूर लावणाऱ्यासोबत अर्धा तास बसून होतं. फक्त ते छपाईला जायच्या आधी करायचं असतं.

एकदाच होणारा खर्च वेगळ्या पानावर लिहा

एक प्रत छापा नाहीतर हजार, काही खर्च तेवढाच राहतो. नानांच्या बाबतीत ते असे होते. मजकूर लावण्याचे पानाला ३० रुपये, म्हणजे ३,८४० रुपये. मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्या, पहिलीचे पानाला २५ आणि दुसरीचे १५, म्हणजे ५,१२० रुपये. मुखपृष्ठाचे ४,००० रुपये. डमी प्रत, म्हणजे छपाईआधी बांधून घेतलेला नमुना, आणि जळगावच्या फेऱ्या धरून हजारभर. एकूण १४,००० रुपये.

मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्या कशाला, असं नानांनी विचारलंच. मी स्वतः व्याकरणाचा मास्तर, माझं लेखन मी तपासलंय, असं त्यांचं म्हणणं. अडचण अशी की आपण मजकूर मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करतो आणि बऱ्याच प्रेसमध्ये तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात जोडाक्षरं मोडतात. नानांच्या पानांवर 'पोऱ्या'मधला अर्धा र गळाला होता आणि 'ॲ' काही ठिकाणी नुसता चौकोन झाला होता. हस्तलिखितात नसलेली चूक अशी लावलेल्या पानांवर जन्माला येते. म्हणून पहिली फेरी मजकुरावर आणि दुसरी लावून झालेल्या पानांवर करायची. दुसऱ्या फेरीत डोळ्यांत तेल घालून ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, ङ आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द बघायचे. चुका घातलेल्या पानांची पुन्हा छापील प्रत मागा, कारण एक ओळ दुरुस्त करताना खालची ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते.

आपल्या भागातल्या लेखकांसाठी आणखी एक गोष्ट. नानांच्या पुस्तकातले संवाद अहिराणीत आहेत. मुद्रितशोधक पुण्याकडचे होते. माणूस कामाला चोख, पण अहिराणी कानावर नसलेली. पहिल्या प्रुफात 'शे' जिथे तिथे 'आहे' झाला होता, 'मन्हा'चा 'माझा' झाला होता, 'बठ्ठा' आणि 'आंडेर'ला लाल गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यांची चूक म्हणता येत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं परत मूळपदावर आणायला नानांचे चार दिवस गेले. तुमच्या पुस्तकात अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली असं काही असेल तर दीड-दोनशे शब्दांची यादी लिहून आधीच द्या आणि 'अवतरणचिन्हांतल्या मजकुराची भाषा बदलू नये, फक्त टायपिंगची चूक दाखवावी' एवढी एक ओळ वर लिहा. नाहीतर तिसऱ्या फेरीचे पैसे मोजावे लागतात.

मुखपृष्ठाचं काम पानांचा आकडा आणि कागद पक्का झाल्यावरच पूर्ण करा. कारण कव्हर म्हणजे पुढची बाजू, मागची बाजू आणि मधला कणा असा एकच सलग कागद असतो. १२८ पानांच्या, ७० जीएसएम कागदाच्या पुस्तकाचा कणा साधारण ६ मिलिमीटर होतो. नंतर कुणी 'जरा जाड कागद घेऊ' म्हटलं की कणा वाढतो आणि कण्यावरचं नाव सरकून पुढच्या कव्हरवर डोकावतं. चित्रकाराला मुद्रकाकडून कण्याचं नेमकं माप विचारून द्या. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जादा रंग, ठेवायला सांगा, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. स्क्रीनवरचा भडक निळा आणि हिरवा छपाईत मवाळ होतो, तेव्हा रंग पसंत करायचा तो छापील नमुन्यावर. पैसे देताना पीडीएफसोबत मूळ डिझाइनची फाइलही मागून घ्या. ती का लागते ते शेवटी येईलच.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक, त्याला पैसे लागत नाहीत. लेखक स्वतः प्रकाशक असला तरी isbn.gov.in वर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करून तो फुकट मिळतो. कुणी त्याचे वेगळे पैसे लावत असेल तर ते अर्ज भरून देण्याची मजुरी घेत आहेत एवढंच समजा. अर्ज लवकर करा, क्रमांक हातात आल्याशिवाय मागचं कव्हर पुरं होत नाही.

छपाईचे दोन रस्ते आणि त्यांचा तिठा

डिजिटल छपाईत प्लेट नसते. मशीन झेरॉक्ससारखं पान काढतं, त्यामुळे पहिल्या प्रतीपासून दर जवळपास तोच. नानांच्या पुस्तकाला १०० प्रतींसाठी प्रत ८० रुपये आणि ३०० प्रतींसाठी ७२ रुपये असा दर मिळाला, कव्हर आणि बांधणी धरून.

ऑफसेटचं तसं नाही. ८ फॉर्म, प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, म्हणजे १६ प्लेटा. प्लेट ३०० रुपयांची धरली तर ४,८००. छपाईची मजुरी हजार ठशांच्या हिशेबाने लागते, आणि तुम्ही तीनशेच प्रती छापल्या तरी हजाराचीच घेतात, कारण मशीन जुळवण्याचं काम तेवढंच असतं. १६ प्लेटांना ३५० प्रमाणे ५,६०० झाले. चार रंगी कव्हरच्या प्लेटा आणि छपाई ३,६००. म्हणजे पहिली प्रत बाहेर पडायच्या आधीच १४,००० रुपये बसले. त्यानंतर मात्र प्रत स्वस्त होते. डबल डेमी कागदाचं ७० जीएसएमचं रीम १८.६ किलोचं असतं, त्यात ५०० शीट. एका शीटमध्ये दोन फॉर्म बसतात, म्हणून आपल्या पुस्तकाला प्रतीमागे असे ४ शीट लागतात. किलोला ८० रुपये धरले तर शीट ३ रुपयांचा, प्रतीचा कागद १२ रुपयांचा. कव्हरचं कार्ड, लॅमिनेशन, घडी, बांधणी आणि वाया जाणारा कागद धरून एकूण २८ रुपये प्रतीमागे.

आता तिठा कुठे आहे ते दिसतं. ऑफसेटला ३०० प्रतींचे २२,४०० होतात आणि डिजिटलला २१,६००. सुमारे ३२० प्रतींपर्यंत डिजिटल परवडतं, पुढे ऑफसेट. तुमच्या दरांनी हा आकडा थोडा मागेपुढे होईल, पण तो स्वतः काढा. मुद्रकाकडे फक्त ऑफसेट मशीन असेल तर तो साहजिकच ऑफसेटच सुचवणार.

एकदाचे १४,००० आणि जळगावहून घरी आणण्याचे प्रतीमागे २ रुपये मिळवले की असं चित्र येतं:

| प्रती | छपाईचा प्रकार | छपाईचा खर्च | एकूण खर्च | एक प्रत |
|---|---|---|---|---|
| १०० | डिजिटल | ८,००० | २२,२०० | २२२ |
| ३०० | डिजिटल | २१,६०० | ३६,२०० | १२१ |
| ५०० | ऑफसेट | २८,००० | ४३,००० | ८६ |
| १००० | ऑफसेट | ४२,००० | ५८,००० | ५८ |

दरपत्रक घेताना कर आत धरला आहे की वर लागणार ते लेखी विचारा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून छपाईच्या बिलावर भरलेला जीएसटी तुम्हाला कुठून वळता करून मिळत नाही. तो खर्चातच धरायचा.

आता भागाकार बदला

हा तक्ता बघून नाना पुन्हा हजारावरच आले. २२२ कुठे आणि ५८ कुठे! मग आम्ही एक वही घेतली आणि पुस्तक कोण कोण घेईल त्यांची नावं लिहायला बसलो. जुने विद्यार्थी, सोबतचे शिक्षक, भाऊबंद, पाव्हणे, वाचनालयं. चारशेच्या वर नावं झाली, नाना खुश. मग एका घरात एकच प्रत जाणार म्हणून एकाच घरातली नावं एकत्र केली, तर २४० घरं उरली. त्यातली ३६ अशी की त्यांच्याकडून नाना पैसे घेऊच शकत नाहीत. व्याही, सख्खे भाऊ, प्रस्तावना लिहिणारे सर, परीक्षण लिहिणारे दोघं-तिघं. शिवाय ४ प्रती कायद्याने द्याव्या लागतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. म्हणजे ४० प्रती फुकट. पैसे देऊन घेणारे २०० च्या आसपास आणि पोस्टाने व दुकानांतून आणखी ६० धरले. एकूण विक्री २६०.

आता एकूण खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागायचं नाही, विकल्या जाणाऱ्या प्रतींनी भागायचं. ३०० छापल्या तर ३६,२०० भागिले २६०, म्हणजे विकलेली प्रत १३९ ला पडते. ५०० छापल्या तर १६५ ला. आणि १००० छापल्या तर ५८,००० भागिले २६०, म्हणजे २२३ ला. प्रेसवाल्याच्या कागदावर सगळ्यात स्वस्त असलेली प्रत नानांच्या घरात सगळ्यात महाग होत होती. नाना बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग वही मिटली.

किंमत २०० ठेवायचं ठरलं. हातोहात विक्रीत ३६,२०० वसूल व्हायला १८१ प्रती लागतात. ५०० छापल्या असत्या तर २१५ लागल्या असत्या, हजारासाठी २९०. पैसे देऊन घेणारी घरं वहीत दोनशे होती. हा आकडा तुमच्या वहीतल्या नावांपेक्षा मोठा येत असेल तर प्रती कमी करा किंवा किंमत पुन्हा बघा. पण खर्च उतरवायचा म्हणून मुद्रितशोधनाची दुसरी फेरी गाळू नका. ती गाळून १,९२० रुपये वाचतात, म्हणजे ३०० प्रतींत प्रतीला साडेसहा रुपयेसुद्धा नाहीत, आणि चुका मात्र तीनशेही घरांत कायमच्या जातात.

उरलेल्या प्रती ठेवायचाही खर्च असतो, तो कुणी लिहीत नाही. नानांच्या पुस्तकाची प्रत १५५ ग्रॅमची आहे. हजारातल्या ७०० उरल्या असत्या तर एकशे आठ किलो कागद घरात. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या अडीचशे प्रती मी पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. मे महिन्यात आपल्याकडे तापमान पंचेचाळीसच्या घरात जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त. पावसाळ्याच्या तोंडाला एक गठ्ठा सोडला तर पुस्तक उघडताच मधली पानं हातात आली. खालच्या दोन गठ्ठ्यांना उधई लागली होती. ग्लू हलका होता, आणि तो मी आधी तपासला नव्हता. म्हणून डमी प्रत आली की ती बरोबर मधे उघडून टेबलावर सपाट दाबा, मग एक पान दोन बोटांत धरून ओढा. पान सुटलं किंवा कणा कडकन वाजून फुटला तर बांधणी बदलून मागा. तीनशे प्रतींआधी ही तक्रार चालते, नंतर कुणी ऐकत नाही.

पोचवण्याचा खर्च

हातोहात दिलेल्या प्रतीला काही लागत नाही. पोस्टाने पाठवायची तर मे २०२५ मध्ये टपाल खात्याने सुरू केलेली ज्ञान पोस्ट बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, म्हणजे २४ च्या आत. पाकीट आणि पुठ्ठ्याचे ६ धरले तर प्रतीमागे ३० रुपये. नानांची एक प्रत या टप्प्यात आरामात बसते, पण दोन प्रतींचे ३१० ग्रॅम झाले की पुढचा टप्पा लागतो. टपाल जमिनीवरून जातं, म्हणून थोडे दिवस जास्त लागतात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि आत जाहिराती चालत नाहीत. खर्च भागवायला शेवटच्या पानावर भाच्याच्या दुकानाची जाहिरात घेण्याचा नानांचा विचार होता, तो यामुळे सोडला. पोस्टाचे ३० रुपये घेणाऱ्याकडून मागायचे की आपण सोसायचे ते आधी ठरवा आणि सगळ्यांना एकच सांगा.

दुकानदार किमतीतून आपला वाटा कापून घेतो. ४० टक्के धरले तर २०० च्या पुस्तकाचे १२० हातात येतात, तेही प्रत विकली गेल्यावर. नानांची विकलेली प्रत १३९ ला पडते, म्हणजे दुकानातल्या प्रत्येक प्रतीत १९ रुपये तोटा. तरीही जळगाव आणि धुळ्याच्या दुकानांत दहा-दहा प्रती ठेवल्या, कारण नानांना न ओळखणारा वाचक तिथेच भेटणार. पण दहाच. पन्नास ठेवल्या असत्या तर वर्षाने कोपरे दुमडून परत आल्या असत्या. दिलेल्या प्रतींची पावती वहीत चिकटवून ठेवा, तारखेसकट.

संपल्या तर?

नानांची शेवटची शंका हीच होती, आणि ती रास्त होती. ३०० संपल्यावर २०० पुन्हा छापायला लागल्या तर? डिजिटलला २०० प्रतींचा दर ७६ मिळाला, आणण्याचे २ मिळवून ७८. मजकूर लावणं, शोधन, मुखपृष्ठ यांचे पैसे पुन्हा लागत नाहीत, पण छपाईची पीडीएफ आणि मूळ फाइल तुमच्याकडे असेल तरच. ३०० आणि नंतर २०० मिळून ५१,८०० होतात. एकदम ५०० काढल्या असत्या तर ४३,०००. म्हणजे ८,८०० जास्त जातात. पण ते कधी जातात? पहिल्या तीनशे विकून पैसे हातात आल्यावर.

नानांच्या प्रती सहाव्या महिन्यात संपत आल्या. वाचकांनी कळवलेल्या अकरा चुका त्यांनी वहीत पानांच्या क्रमांकासह टिपून ठेवल्या होत्या. त्या मूळ फाइलमध्ये दुरुस्त करून घेतल्या, एका विद्यार्थ्याचं चुकलेलं आडनाव नीट केलं आणि २०० प्रतींची ऑर्डर दिली. या खेपेला प्रत ७८ ला पडली.